नवा फोन घेताय? जुना हातातून सोडण्याआधी हे करा

तीन वर्षांपूर्वी आईचा फोन बदलला तेव्हा मी गावाला नव्हतो. दुकानातल्या मुलाने दहा मिनिटांत सगळं 'सेट करून' दिलं आणि जुना फोन एक्स्चेंजमध्ये ठेवून घेतला. घरी आल्यावर आईने व्हॉट्सॲप उघडलं तर पाटी कोरी. सगळे ग्रुप दिसत होते, पण आत एकही जुना मेसेज नव्हता. माझ्या मामाचे व्हॉइस मेसेज त्यात होते आणि मामा त्याआधीच्या वर्षी गेला होता.

काय झालं असावं ते मला नंतर उलगडलं. नंबरची खातरजमा झाल्यावर नव्या फोनने 'बॅकअप सापडला आहे, परत आणू का?' असं विचारलं होतं. वेळ वाचवायला त्या मुलाने Skip दाबलं. मग बॅकअप 'रोज' असा लावून दिला. रात्री नव्या फोनने आपला रिकामा बॅकअप गूगलवर चढवला आणि जुना त्याच्याखाली गाडला गेला. मला कळलं तेव्हा दोन दिवस झाले होते आणि जुना फोन पुसून पुढे गेला होता.

गेल्या महिन्यात आईचा फोन पुन्हा बदलला. या वेळी मी स्वतः बसलो, एक शनिवार घातला, आणि काहीही हरवलं नाही. हे टिपण त्या शनिवारवरून केलेलं आहे. ते मुख्यतः अँड्रॉइडवरून अँड्रॉइडवर जाणाऱ्यांसाठी आहे. आयफोनबद्दल पुढे थोडं सांगतो. मेनूतली नावं फोनवर इंग्रजीत जशी दिसतात तशीच लिहिली आहेत. तुमच्या फोनच्या कंपनीनुसार एखादा शब्द इकडेतिकडे असू शकतो.

आधी जवळ काय ठेवायचं

- दोन्ही फोन, निदान ऐंशी टक्के चार्ज केलेले, आणि दोन्हींचे चार्जर
- ज्या नंबरवर व्हॉट्सॲप आहे ते सिम, चालू स्थितीत
- जुन्या फोनमधल्या गूगल खात्याचा ईमेल आणि पासवर्ड (आईवडिलांचा फोन असेल तर हाच सापडत नाही, म्हणून आदल्या दिवशीच शोधा)
- व्हॉट्सॲपला सहा आकडी पिन लावला असेल तर तो
- लॅपटॉप किंवा पेनड्राइव्ह, आणि डेटा जाईल अशी केबल. काही स्वस्त केबल फक्त चार्जिंग करतात
- कागद आणि पेन

कागद का, ते दुसऱ्या पायरीत कळेल.

## १. दोन्ही फोन एकाच वेळी हातात असणार का, ते ठरवा

सगळी पुढची वाट यावर ठरते. ऑनलाइन एक्स्चेंज ऑफर घेतली असेल तर नवा फोन घेऊन येणारा माणूस दारातच जुना मागतो, आणि तोही स्क्रीन लॉक काढलेला, पुसलेला. म्हणजे नवा फोन चालू व्हायच्या आत जुना गेलेला असतो. अशा वेळी एका फोनवरून दुसऱ्यावर थेट पाठवायची सगळी साधनं बाद होतात आणि सगळा भार तुम्ही आधी काढून ठेवलेल्या प्रतीवर येतो.

माझं मत स्पष्ट आहे. आईवडिलांच्या फोनसाठी, किंवा ज्यात जपण्यासारखं काही आहे अशा फोनसाठी, एक्स्चेंजचे दीड-दोन हजार सोडून द्या. जुना फोन महिनाभर घरात राहू द्या, मग विका. ते जमणार नसेल तर पाचवी पायरी तुमच्यासाठी आहे, पण दुसरी आणि तिसरी चुकवू नका.

## २. जुन्या फोनचा हिशेब लिहून काढा

सामान हलवताना ट्रकवाला खोकी मोजतो, तसंच हे. नव्या फोनवर 'सगळं आलं' हे नुसतं नजरेने कळत नाही, कारण जे आलं नाही ते दिसतच नाही. म्हणून कागदावर चार गोष्टी लिहा.

पहिली, व्हॉट्सॲपने किती जागा घेतली आहे. व्हॉट्सॲपमध्ये Settings → Storage and data → Manage storage उघडलं की वर एकूण आकडा आणि खाली सगळ्यात जड चॅट दिसतात. आईचा आकडा १९ जीबी निघाला आणि त्यातला मोठा वाटा भजनाच्या ग्रुपवरच्या व्हिडिओंचा होता.

दुसरी, सगळ्यात महत्त्वाच्या पाच-सहा चॅटमधला सर्वात जुना मेसेज कोणत्या तारखेचा आहे. त्यासाठी वरवर सरकवत बसायची गरज नाही. चॅटमध्ये नावावर टॅप करून मीडियाच्या यादीत तळाला गेलात की सर्वात जुना फोटो मिळतो. त्याची तारीख लिहा.

तिसरी, कॅमेऱ्याच्या फोल्डरमध्ये किती फोटो आणि व्हिडिओ आहेत. बहुतेक गॅलरींमध्ये अल्बमखाली आकडा असतो. चौथी, संपर्क किती आणि ते कुठे साठवलेले आहेत. ही चौथीच सगळ्यात फसवी आहे, म्हणून तिची पायरी वेगळी.

## ३. नंबर आधी एका जागी आणा

फोनमध्ये नंबर तीन जागी असू शकतात: गूगल खात्यात, फोनच्या स्वतःच्या स्मृतीत आणि सिमवर. संपर्कांचं ॲप तिन्ही एकत्र मिसळून दाखवतं, त्यामुळे सगळे एकाच जागी आहेत असं वाटतं. नव्या फोनवर गूगल खातं जोडलं की फक्त गूगलमधले उतरतात. 'अर्धेच नंबर आले' ही तक्रार बहुतेकदा इथूनच येते.

आईच्या फोनमध्ये ६१२ नंबर होते. त्यातले ३९० गूगलमध्ये, १८० फोनमध्ये आणि ४२ सिमवर. फोनमधले १८० म्हणजे मधल्या काही वर्षांत नवा नंबर साठवताना 'कुठे ठेवू?' या प्रश्नावर जे बटण बोटाखाली आलं त्याची कमाई.

गूगलचं संपर्कांचं ॲप घ्या (प्ले स्टोअरवर Contacts, प्रकाशक Google LLC). खालच्या Organize या भागात जा. तिथे तीन कामं करायची.

आधी Import from SIM करून सिमवरचे नंबर गूगल खात्यात ओढून घ्या. सिमवर नावाला फार थोडी जागा असते आणि देवनागरीत लिहिलेलं नाव तर आणखी लवकर तुटतं. आईच्या सिमवर 'सुनंदा वहिनी' आणि 'सुनंदा वहिनी कऱ्हाड' दोघीही 'सुनंदा व' होत्या. ओढून झाल्यावर अशी नावं जुना फोन हातात असतानाच आईला विचारून दुरुस्त केली, कारण नंतर नंबरावरून कोण कोणती ते ओळखणं तिलाही जड गेलं असतं.

मग फोनमध्ये अडकलेले नंबर. याच ॲपच्या सेटिंगमध्ये Google Contacts sync settings नावाचा भाग आहे. त्यात फोनवरचे संपर्कही खात्यात चढवायचा पर्याय असतो, तो चालू करा. इंटरनेट चालू ठेवून थोडं थांबा.

शेवटी Export to file. यातून `contacts.vcf` अशी एक छोटी फाइल बनते. ती स्वतःला ईमेल करा आणि लॅपटॉपवरही ठेवा. सगळं बिघडलं तरी या एका फाइलवरून कुठल्याही फोनमध्ये, अगदी आयफोनमध्येही, सगळे नंबर परत घालता येतात.

खात्री कशी करायची? संगणकावर `contacts.google.com` उघडा, त्याच खात्याने आत जा आणि वर दिसणारा आकडा कागदावरच्या आकड्याशी ताडून पाहा. आमचा ५९७ आला. पंधरा कमी का? एकच नंबर सिमवरही आणि खात्यातही होता, ते एकत्र झाले. असा थोडा फरक चालतो. दीडशेचा फरक असेल तर पुढे जाऊ नका.

## ४. दोन्ही फोन हातात असतील तर: चॅट क्यूआरने हलवा

२०२३ पासून व्हॉट्सॲपमध्येच एक सोय आहे. दोन्ही फोन एकाच जातीचे असतील, म्हणजे अँड्रॉइडवरून अँड्रॉइडवर किंवा आयफोनवरून आयफोनवर, तर चॅट आणि मीडिया वायफायने थेट एका फोनमधून दुसऱ्यात जातात. गूगलच्या जागेचा प्रश्न येत नाही आणि मोबाइल डेटाही लागत नाही. मला विचाराल तर आजच्या घडीला हा सगळ्यात भरवशाचा मार्ग आहे.

क्रम मात्र मोडू नका.

१. दोन्ही फोनमध्ये व्हॉट्सॲप ताजं करून घ्या. नव्या फोनवर ते फक्त उतरवून ठेवा, उघडू नका. नव्या फोनमध्ये किती जागा रिकामी आहे ते पाहा; आमचे १९ जीबी जाणार होते, म्हणून मी तीसच्या वर मोकळे आहेत याची खात्री केली.

२. दोन्हींवर वायफाय, ब्लूटूथ आणि लोकेशन चालू करा. व्हीपीएन असेल तर बंद करा. दोन्ही चार्जिंगला लावून शेजारी शेजारी ठेवा.

३. जुन्या फोनवर Settings → Chats → Transfer chats → Start. मागेल त्या परवानग्या द्या. कॅमेरा उघडून तो वाट पाहत थांबेल.

४. आता नव्या फोनवर व्हॉट्सॲप उघडा, तोच नंबर टाका, एसएमएसने आलेला सहा आकडी कोड घाला. सिम जुन्या फोनमध्ये असलं तरी बिघडत नाही. कोड तिथे वाचून इथे टाइप करता येतो.

५. नवा फोन जुन्यातून चॅट आणायचे का विचारेल. 'हो' म्हटल्यावर त्याच्या पडद्यावर क्यूआर कोड येतो. तो जुन्या फोनने स्कॅन करा आणि जोडणीची परवानगी द्या.

तिसरं काम राहून गेलं आणि आधी नव्या फोनवर नंबर चालू केला, तर जुना फोन 'हा नंबर आता या फोनवर नोंदलेला नाही' असं म्हणून बाहेर काढतो. घाबरू नका. जुन्या फोनवरचे मेसेज तसेच असतात, फक्त दार बंद झालेलं असतं. जुन्यावर पुन्हा नोंदणी करा आणि पहिल्यापासून सुरू करा. मात्र घाईत सारखा सारखा कोड मागवू नका. दर वेळी थांबायची मुदत वाढत जाते आणि एखाद्या वेळी काही तास बसून राहावं लागतं. आणि 'चालत नाही तर काढून पुन्हा टाकू' म्हणत जुन्या फोनवरचं व्हॉट्सॲप अनइन्स्टॉल मुळीच करू नका. बाकीच्या चुका निस्तरता येतात, ही येईलच असं नाही.

आमचं पहिल्यांदा अडकलं ते साधारण चाळीस टक्क्यांवर. जुन्या फोनचा पडदा बंद झाला आणि बॅटरी वाचवायच्या सेटिंगने व्हॉट्सॲपलाही झोपवलं. दुसऱ्या वेळी बॅटरी सेव्हर बंद केला, पडदा बंद व्हायची वेळ फोन देत होता तेवढी वाढवली आणि दोन्ही फोन कुणाला हात लावू दिला नाही. पाऊण तासात १९ जीबी गेले. या काळात आईला दोन फोन आले, तेवढ्यासाठी तिला लँडलाइनची आठवण आली. तुम्ही हे दुपारी करा आणि घरच्यांना आधी सांगून ठेवा.

झाल्यावर कागद काढा. ज्या चॅटची सर्वात जुनी तारीख लिहिली होती ती उघडा, तो फोटो टॅप करून पूर्ण उघडतो का पाहा, एखादा जुना व्हॉइस मेसेज वाजवून पाहा. अंधुक चित्र दिसून त्यावर खाली बाण असेल तर ती फाइल आलेली नाही, फक्त तिची सावली आली आहे.

## ५. जुना फोन आधी जाणार असेल तर: दोन प्रती काढा

इथे लोक म्हणतात, 'गूगलवर बॅकअप आहे की!' असेलही. पण त्याला तीन अटी आहेत. नव्या फोनवर नंबर तोच हवा, गूगल खातं तेच हवं, आणि बॅकअप पूर्ण झालेला हवा. तिसऱ्या अटीवर बरेच जण घसरतात. २०२४ पासून अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअप गूगलच्या फुकट १५ जीबीमध्येच मोजला जातो, आणि त्याच पंधरात जीमेल आणि फोटोही बसलेले असतात. खातं भरलं की बॅकअप थांबतो, फोन एखादी सूचना दाखवतो, आणि ती सूचना कोण वाचतं?

Settings → Chats → Chat backup उघडा. गूगलवरच्या शेवटच्या बॅकअपची तारीख आणि आकार तिथे लिहिलेला असतो. तारीख सहा महिन्यांपूर्वीची असेल तर तुमच्याकडे बॅकअप नाही असंच समजा. पाच महिने न हललेला बॅकअप गूगलवरून पुसलाही जाऊ शकतो. खालचं खातं कोणतं आहे तेही वाचा. मुलाने कधीकाळी स्वतःचं खातं टाकून दिलेलं असतं आणि आईचा फोन वर्षानुवर्षं तिथे बॅकअप घेत असतो.

जागा पुरत नसेल तर Include videos बंद करून पाहा. आईचं असं केल्यावर १९ चे ८ जीबी झाले, तरी खात्यात पाचच मोकळे होते. अशा वेळी दोन मार्ग: महिनाभरासाठी गूगलची जागा विकत घेणं, किंवा दुसरी प्रत संगणकावर काढणं. मी दुसरा मार्ग नेहमीच करतो, पहिला केला तरी.

फोन स्वतःही रोज पहाटे दोनच्या सुमारास आपल्या पोटात एक बॅकअप घेतो. याच Chat backup पानावर Back up दाबलं की तो लगेच होतो. मग फोन केबलने लॅपटॉपला जोडा, फोनवर फाइल पाठवायचा पर्याय निवडा आणि हे फोल्डर शोधा:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp
```

त्यात `Databases` मध्ये मेसेज असतात (`msgstore.db.crypt14` किंवा `crypt15` अशा नावाची फाइल) आणि `Media` मध्ये फोटो, व्हिडिओ, व्हॉइस मेसेज. वेगवेगळं उचलू नका. अख्खं `WhatsApp` फोल्डर लॅपटॉपवर घ्या. हजारो लहान फाइल असल्याने वेळ लागतो आणि मध्येच अडकूही शकतं, म्हणून शेवटी दोन्हीकडचा आकार ताडून पाहा.

नव्या फोनवर व्हॉट्सॲप उघडायच्या आधी हे फोल्डर त्याच जागी ठेवा. मग व्हॉट्सॲप उघडून नंबर टाका. तो बॅकअप सापडल्याचं सांगेल आणि तारीख, आकार दाखवेल. इथे थांबा आणि वाचा. तारीख कालची आहे ना? आकार पटतो ना? गूगलवरचा एखादा जुनाट बॅकअप तर पुढे आला नाही ना? पटलं तरच Restore दाबा.

चुकून Skip झालं तर त्याच क्षणी व्हॉट्सॲप बंद करा, फोनचं इंटरनेट बंद करा, व्हॉट्सॲप काढा, मग इंटरनेट चालू करून ते पुन्हा टाका. नवा बॅकअप झाला नसेल तोवर तोच प्रश्न परत विचारला जातो. माझ्या आईच्या वेळी हे त्या संध्याकाळी कुणाला माहीत असतं तर मामाचा आवाज राहिला असता.

एक आणखी अडसर. काहींनी बॅकअपला वेगळं कुलूप लावलेलं असतं. Chat backup पानावर End-to-end encrypted backup समोर On दिसेल. तसं असेल तर त्याचा पासवर्ड किंवा ६४ आकड्याअक्षरांची किल्ली लागते, आणि विसरलात तर व्हॉट्सॲपही ती काढून देऊ शकत नाही. आठवत नसेल तर जुन्या फोनवर हे कुलूप आधी काढा, नवा बॅकअप घ्या, मग पुढे जा.

आणि चॅटमधलं Export chat म्हणजे बॅकअप नव्हे. त्यातून वाचायची एक मजकूर फाइल मिळते. ती नव्या व्हॉट्सॲपमध्ये परत घालता येत नाही.

## ६. फोटो

गूगल फोटोज चालू असेल तर काम हलकं आहे, पण दोन गोष्टी तपासा. ॲपमध्ये वर खात्याच्या चित्रावर टॅप केलं की बॅकअप पूर्ण झाला की काही बाकी आहे ते दिसतं. दुसरं, बॅकअप बहुतेकदा फक्त कॅमेऱ्याच्या फोल्डरचा असतो. व्हॉट्सॲपवरून आलेले, स्क्रीनशॉट, डाउनलोड हे फोल्डर Back up device folders मध्ये जाऊन वेगळे चालू करावे लागतात. 'पण मला ते गॅलरीत दिसतात' म्हणजे ते खात्यात गेले असं नाही.

कुलूपबंद फोल्डरही आठवून पाहा. गूगल फोटोजमधल्या Locked Folder चा बॅकअप तुम्ही मुद्दाम चालू केला नसेल तर त्यातलं सगळं फोन पुसताना जातं. सॅमसंगचं Secure Folder असेल तर तेही नेहमीच्या हलवाहलवीत आपोआप येईल असं धरू नका. आत आधार-पॅनचे फोटो ठेवणारे बरेच आहेत. ते आधी बाहेर काढा.

खाते भरलेलं असेल तर मूळ फोटो केबलने लॅपटॉपवर किंवा पेनड्राइव्हवर घ्या. `DCIM` आणि `Pictures` ही दोन फोल्डर पुरतात. व्हॉट्सॲपवरून स्वतःलाच फोटो पाठवून हलवणारे मी पाहिले आहेत. त्यात फोटो आक्रसतात आणि काढल्याची तारीखही जाते. लग्नाच्या अल्बमला तसं करू नका.

हलवल्यावर व्हॉट्सॲपचे जुने फोटो गॅलरीत 'आज' या तारखेखाली एकगठ्ठा दिसले तर फोटो बिघडलेले नाहीत. त्या फोटोंच्या पोटात तारीख नसते, म्हणून गॅलरी फाइल कधी लिहिली गेली ते धरते. खरी तारीख नावात असते: `IMG-20210815-WA0007` म्हणजे १५ ऑगस्ट २०२१.

## ७. कोणत्या साधनावर किती विसंबायचं

नवा अँड्रॉइड फोन पहिल्यांदा चालू करताना 'जुन्या फोनमधून घ्यायचं का' असं विचारतो. केबलने जोडून 'हो' म्हणा. ॲप, एसएमएस, कॉलची यादी, फोटो, वॉलपेपर हे सगळं यातून चांगलं येतं. सॅमसंगचं स्मार्ट स्विच, शाओमीचं मी मूव्हर, ओप्पो-वनप्लस-रियलमीचं क्लोन फोन, विवोचं ईझीशेअर ही त्या त्या कंपनीची साधनं. नवा फोन ज्या कंपनीचा तिचं साधन घ्या, आणि फोटो-एसएमएससाठी त्यावर खुशाल विसंबा.

व्हॉट्सॲपच्या चॅटसाठी मात्र विसंबू नका. क्लोन झाल्यावर ॲपचं चित्र दिसतं, मीडियाचं फोल्डरही कधी येतं, आणि चॅट कधी येतात कधी येत नाहीत. चॅट व्हॉट्सॲपच्याच मार्गाने हलवायचे, हा नियम ठेवा.

संगणकावर चालणारी पैसे देऊन घ्यायची 'एका क्लिकमध्ये व्हॉट्सॲप' छापाची साधनं मी टाळतो. ती अनेकदा फोनचं USB debugging, म्हणजे संगणकाला फोनमध्ये खोलवर शिरू देणारी सोय, चालू करायला लावतात, काही तर व्हॉट्सॲपची स्वतःची जुनी आवृत्ती फोनवर टाकतात. तुमचे सगळे मेसेज एका अनोळखी प्रोग्रॅमच्या हातून जातात, तेही जे काम फुकटात होतं त्यासाठी. जीबी व्हॉट्सॲपसारखी नकली आवृत्ती वापरत असाल तर तिचा बॅकअप खऱ्या व्हॉट्सॲपमध्ये येईल ही आशा ठेवू नका.

## ८. आयफोनवर जात असाल तर

गूगलवरचा व्हॉट्सॲप बॅकअप आयफोनला वाचता येत नाही. त्यामुळे जुना अँड्रॉइड आधी देऊन टाकला तर चॅट संपले. ॲपलचं Move to iOS हे ॲप जुन्या अँड्रॉइडवर टाका, आणि नवा आयफोन पहिल्यांदा सुरू करतानाच अँड्रॉइडवरून डेटा घ्यायचा पर्याय निवडा. दोन्ही एकाच वायफायवर आणि चार्जिंगला हवेत. काय न्यायचं त्या यादीत WhatsApp वर खूण करा, अँड्रॉइडवर व्हॉट्सॲप सगळं तयार करेपर्यंत थांबा, मग पुढे. आयफोनवर त्याच नंबराने व्हॉट्सॲप उघडलं की चॅट येतात. कॉलची यादी येत नाही.

आयफोन आधीच सेट करून दोन दिवस वापरला असेल तर तो पुसून पुन्हा सुरू करावा लागतो. म्हणून दुकानात 'सेट करून देऊ का?' विचारलं तर नको म्हणा.

## ९. जुना फोन देण्याआधी

गूगल पे, फोनपे आणि बँकेची ॲप कुठल्याही साधनाने 'हलत' नाहीत. सिम नव्या फोनमध्ये घालून तिथे पुन्हा नोंदणी करावी लागते. नव्या फोनसाठी सिमच बदलून घेतलंत तर चोवीस तास एसएमएस बंद असतात, म्हणजे त्या दिवशी यूपीआय सुरू होत नाही; किराणा आणि रिक्षासाठी रोख ठेवा. कोड दाखवणारं गूगल ऑथेंटिकेटर वापरत असाल तर त्यातली खाती जुना फोन हातात असतानाच नव्यावर न्या.

मग थांबा. आम्ही दोन आठवडे थांबलो. जुना फोन बंद करून कपाटात ठेवला आणि आईला सांगितलं, काही सापडत नसेल तर लगेच सांग. नवव्या दिवशी तिने विचारलं, 'माझ्या रेकॉर्डिंग कुठायत?' ती फोनच्या रेकॉर्डर ॲपमध्ये आरत्या रेकॉर्ड करून ठेवायची. ते ना व्हॉट्सॲपमध्ये होतं, ना फोटोंमध्ये, आणि माझ्या कागदावरही नव्हतं. जुना फोन चालू केला, `Recordings` फोल्डर केबलने काढलं, नव्यात टाकलं.

त्यानंतरच जुन्या फोनच्या Settings मधून गूगल खातं काढलं, स्क्रीन लॉक काढलं आणि Erase all data केलं. खातं न काढता बटणं दाबून फोन पुसला तर पुढच्या माणसाला तो जुन्या खात्याचा पासवर्ड मागत बसतो, आणि घेणारा तो तुमच्याकडे परत घेऊन येतो.